दोन रेषा उमटल्या, पण गर्भ कुठे रुजला?

पाळी चुकली की वाई तालुक्यातल्या गावांत आशाताईंकडून गर्भधारणा चाचणीची पट्टी मिळते. सकाळच्या लघवीचे काही थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. दोन रेषा दिसल्या की घरात आनंद होतो. पण ही पट्टी ओळखते ते फक्त एचसीजी नावाचं संप्रेरक. पुढे जाऊन वार तयार करणाऱ्या पेशी ते बनवतात. त्या पेशी गर्भपिशवीत रुजल्या काय किंवा नळीत रुजल्या काय, संप्रेरक तेच आणि रेषाही त्याच. म्हणजे गर्भ राहिला आहे एवढंच पट्टी सांगते, तो कुठे राहिला हे तिला कळत नाही. शंभर गर्भधारणांमागे एक-दोन वेळा तो गर्भपिशवीबाहेर असतो, आणि त्यातही बहुतेकदा गर्भनलिकेत.

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन मुळात नलिकेतच होतं. फलित बीज स्वतःहून हलू शकत नाही. नलिकेच्या आतल्या बाजूला असलेले सूक्ष्म केस आणि भिंतीचे स्नायू त्याला तीन-चार दिवसांत गर्भपिशवीपर्यंत पोचवतात. पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, जननेंद्रियांचा क्षयरोग किंवा एखादी शस्त्रक्रिया यांमुळे हे केस झडले वा नळी आतून चिकटली, की बीज वाटेतच अडकतं. रुजण्याची वेळ झाली की ते असेल तिथेच रुजतं. तंबाखूच्या धुराने नळीची हालचाल मंदावते. पूर्वी एकदा असं झालं असेल तर पुन्हा होण्याचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास असतो. मात्र जवळजवळ निम्म्या स्त्रियांमध्ये यातलं एकही कारण सापडत नाही. म्हणून ‘मला तसं काही झालेलं नाही’ या भरवशावर राहता येत नाही.

समजा, जोर-जांभळीच्या बाजूच्या एखाद्या गावातली, दोन मुलांनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली एक बाई आहे. पाळी दोन आठवडे लांबली, मग थोडं काळपट रक्त जाऊ लागलं. पाळीच आली, असं तिला वाटतं. ओटीपोटात एका बाजूला दुखतं, तेही ती अंगावर काढते. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर गर्भाचा विचार कोणाच्याच मनात येत नाही. ही शस्त्रक्रिया क्वचितच फसते, पण फसली की नळीतल्या गर्भाची शक्यता मोठी असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा गर्भधारणांपैकी सुमारे एक तृतीयांश गर्भपिशवीबाहेरच्या होत्या.

ती दुखण्याच्या पहिल्या दिवशीच दवाखान्यात गेली, तर पट्टीवर दोन रेषा येतात. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी दिसते. गर्भ अजून फार लहान असेल तरीही पिशवी रिकामीच दिसते, म्हणून डॉक्टर रक्तातलं एचसीजी मोजतात आणि 48 तासांनी पुन्हा मोजतात. समजा, ते 900 वरून 1150 झालं. गर्भ जागेवर असता तर या पातळीवरचं एचसीजी दोन दिवसांत निदान दीडपट होणं अपेक्षित असतं. इथे वाढ पाव हिश्शाहून थोडीच जास्त आहे. गर्भ नळीत तरी असावा किंवा त्याची वाढ तरी खुंटलेली असावी, असा संशय येतो. पुढच्या सोनोग्राफीत नळीजवळ गाठ दिसली आणि तिची तब्येत स्थिर असली, तर मेथोट्रेक्सेट या इंजेक्शनने त्या पेशींची वाढ थांबवता येते. त्यानंतर एचसीजी शून्यावर येईपर्यंत रक्त तपासत राहावं लागतं.

उशीर झाला तर नळी फुटते आणि रक्त पोटात साचतं, बाहेर मात्र थोडंच दिसतं. चक्कर येते, दरदरून घाम फुटतो, शौचाला लागल्यासारखं वाटतं. आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला कळ येते. साचलेलं रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचतं, त्या पडद्याची नस मानेतून येते आणि मेंदूला दुखणं खांद्यात असल्यासारखं भासतं. हळदीच्या शेतात ओझं उचललं म्हणून खांदा भरला असेल, असं समजून बाम चोळत बसलं तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी 108 ला फोन करून शस्त्रक्रिया आणि रक्त यांची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. वाईहून सातारा साधारण 35 किलोमीटर आहे, त्यामुळे वाट बघण्यात वेळ दवडायचा नाही. फुटलेली नळी काढावी लागते, पण दुसरी चांगली असेल तर पुढे मूल होऊ शकतं.

दुसरा धोका गर्भपाताच्या गोळ्यांचा. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून आणून त्या घेतल्या, तर गर्भपिशवीचं अस्तर निघून रक्तस्राव होतो आणि काम झालं असं वाटतं. नळीतल्या गर्भावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. तो तिथे वाढतच राहू शकतो.

म्हणून पट्टीवर दोन रेषा आल्या की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भाची जागा बघून घ्यावी. दुखत असेल किंवा रक्त जात असेल, तर तेवढंही न थांबता लगेच जावं. आणि मूल होण्याच्या वयातली बाई पोट दुखतंय किंवा भोवळ आली म्हणून दवाखान्यात आली, तर नसबंदी झालेली असो वा तांबी बसवलेली, आधी पट्टीची चाचणी करावी.