रिमोट घेण्याआधी: टीव्हीला कळतं काय?

मुरबाड किंवा शहापूरच्या बाजारात ‘फ्री डिशचा रिमोट द्या’ असं सांगितलं, तर दुकानदार आधी बॉक्स कोणता ते विचारतो. डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची मोफत सेवा आहे, पण तिचे बॉक्स वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. त्यामुळे सगळ्या फ्री डिशला चालणारा एकच रिमोट नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे संकेतही वेगळे असू शकतात. म्हणून तुटका रिमोट सोबत न्यावा. तो हरवला असेल तर बॉक्सच्या खालच्या लेबलचा फोटो काढून न्यावा.

युनिव्हर्सल रिमोट सगळं चालवतो, हा दुसरा गैरसमज. त्याच्यात अनेक कंपन्यांचे संकेत भरलेले असतात, आणि जुळणारा संकेत सापडला की टीव्ही चालू-बंद होतो, आवाज कमी-जास्त होतो. मेन्यू आणि सोर्सची बटणं मात्र बऱ्याचदा मुकी राहतात. सोर्स बदलता आला नाही, तर सेट-टॉप बॉक्सचं चित्रच दिसत नाही. घरी आणल्यावर ही दोन बटणं सगळ्यात आधी दाबून बघावीत, आणि न चालल्यास बदलून देण्याचं दुकानातच ठरवून घ्यावं.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते आवाजी रिमोटमध्ये.

समजा, सरळगावच्या एका घरात अँड्रॉइड टीव्ही आहे. रिमोटने तो चालू होतो, पण बाकी एकही बटण चालत नाही. घरचे म्हणतात, रिमोट गेला. खरं तर अशा अनेक रिमोटांचं पॉवर बटण इन्फ्रारेड प्रकाशावर चालतं आणि उरलेली बटणं ब्लूटूथवर. म्हणजे रिमोट बहुधा धड आहे, फक्त टीव्हीशी असलेली त्याची जोडी तुटली आहे. ती परत जुळवायला टीव्हीच्या यूएसबी खाचेत संगणकाचा साधा माउस लावावा, सेटिंग्जमधून Remotes & Accessories उघडावं आणि मॉडेलप्रमाणे रिमोटची बटणं दाबून धरावीत. माउस शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडेही मिळेल. त्यासाठी कल्याण गाठायची गरज नाही.

फायर टीव्ही स्टिकला तर इन्फ्रारेड संकेत कळतच नाहीत. तिच्यासाठी स्वस्तातला साधा रिमोट घेणं व्यर्थ. ब्लूटूथचाच, त्या मॉडेलला चालणारा रिमोट हवा. माइकचं चित्र किंवा भोक दिसलं म्हणून रिमोट आवाजी होत नाही. विकत घेताना ‘पेअर करावा लागतो का?’ हे विचारावं. ‘नाही, लगेच चालतो’ असं उत्तर आलं, तर तो बहुधा फक्त इन्फ्रारेडचा असतो.

साधा रिमोट खरोखर बिघडला आहे का, हे फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबून कळतं. टोकाचा दिवा बहुतेक फोनांत जांभळट चमकतो. नव्या सेलनेही चमकला नाही, तर दोष रिमोटचा. चमकतो पण टीव्ही दाद देत नाही, तर टीव्हीचा सेन्सर तपासायला हवा.

‘लर्निंग’ रिमोटला मूळ रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवता येतं. मूळ हरवला असेल, तरी वाडीत कुणाकडे त्याच मॉडेलचा बॉक्स असला, तर त्यांचा रिमोट थोडा वेळ मागून आणला तरी काम भागतं. ब्लूटूथची बटणं मात्र अशी शिकवता येत नाहीत.