पंधरा वर्षं, दोन पानं

चाकणच्या एखाद्या वाहन-सुटे भागांच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागलेला माणूस पंधरा वर्षांनी प्रॉडक्शन मॅनेजर असतो. प्लांट हेडच्या जागेसाठी अर्ज करायला बसतो, तेव्हा त्याचा रेझ्युमे पाच पानांचा झालेला असतो, कारण प्रत्येक वेळी जुनं तसंच ठेवून त्यात नवी भर पडलेली असते. तो दोन पानांत आणायचा तर अक्षरं बारीक करून चालत नाही, निवड करावी लागते.

ही निवड जाहिरातीवरून करावी. प्लांट हेडकडून उत्पादन, खर्च, गुणवत्ता, सुरक्षितता आणि कामगार-संबंध सांभाळण्याची अपेक्षा असते. यांपैकी कशाशीच संबंध नसलेली ओळ कितीही आवडती असली तरी काढावी. शेवटच्या पाच-सहा वर्षांना निम्म्याहून जास्त जागा द्यावी. सुरुवातीच्या नोकऱ्यांचं हुद्दा, कंपनी आणि वर्षं एवढंच पुरे.

खरं काम उरलेल्या ओळींवर असतं. ‘प्रेस शॉपच्या उत्पादनाची व गुणवत्तेची जबाबदारी’ हे वाक्य त्या खुर्चीवर बसलेला कुणीही लिहू शकतो. काय बदललं, हे त्यातून कळत नाही. समजा, विभागात महिन्याला २ लाख भाग निघत होते आणि रिजेक्शन ३.८ टक्के होतं. डायच्या देखभालीचं वेळापत्रक बसवल्यावर दीड वर्षात ते १.४ टक्क्यावर आलं. म्हणजे महिन्याला ४,८०० भाग वाचले. भंगाराची किंमत वजा जाता एका भागामागे ४० रुपयांचं नुकसान धरलं, तर वर्षाची बचत सुमारे २३ लाख होते. आता ओळ अशी होईल: ‘डाय-देखभालीचं वेळापत्रक बसवून प्रेस शॉपचं रिजेक्शन १८ महिन्यांत ३.८ वरून १.४ टक्क्यावर आणलं. वार्षिक बचत सुमारे २३ लाख रुपये.’ आधीची स्थिती, नंतरची स्थिती, मुदत आणि आपण केलेली कृती, सगळं एका ओळीत आलं.

आकडे आठवत नसतील तर जुनी अप्रेझल्स आणि स्वतः केलेली सादरीकरणं चाळावीत. कंपनीचे गोपनीय आकडे मात्र बाहेर नेऊ नयेत. रुपयांऐवजी टक्केवारी दिली तरी चालते.

मुलाखतीत पहिला प्रश्न येतो तो ‘हे मोजलं कसं?’ असा. त्या काळात ऑर्डरच घटल्या असतील, तर कमी झालेल्या खर्चाचं श्रेय आपलं नसतं. बचत अकाउंट्स विभागाने मान्य केली होती का, टीममध्ये आपला वाटा कोणता, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. जो आकडा कागद-पेन्सिल घेऊन समोरच्याला उलगडून दाखवता येत नाही, तो रेझ्युमेत ठेवू नये.