कांद्याला परत यायला लावणारं क्रियापद

फ्रेंच पाककृतीच्या पुस्तकात पहिल्या दोन ओळींतच एक वाक्य येतं : ‘फेत रव्हनीर लेझोन्यों’. शब्दकोश उघडून बसलेला नवा विद्यार्थी त्याचा अर्थ लावतो, ‘कांद्यांना परत यायला लावा’, आणि डोकं खाजवतो. कांदे गेले कुठे होते? उत्तर त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात असतं. आपणही कांदा परततोच की! ‘परतणे’ म्हणजे माघारी येणे आणि ‘परतणे’ म्हणजे तेलावर हलवत भाजणे, दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात आहेत. फ्रेंचमध्येही ‘रव्हनीर’ म्हणजे परत येणे. फरक एवढाच, की मराठी स्वयंपाकी कांदा थेट परततो, तर फ्रेंच स्वयंपाक्याला त्यासाठी ‘फेर’ या क्रियापदाची मदत घ्यावी लागते.

‘फेर’ म्हणजे करणे. त्याच्यापुढे दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूप ठेवलं, की ‘करवणे’ तयार होतं. रेपारे म्हणजे दुरुस्त करणे, फेर रेपारे म्हणजे दुरुस्त करवणे. मराठी व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. आपण एक ‘व’ घुसवून ते उरकतो : हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, कळणे-कळवणे. फ्रेंचकडे असा प्रत्यय नाही, म्हणून दोन शब्दांची जोडी लागते. पण ही जोडी दिसायला दोन शब्दांची असली तरी वागते एका शब्दासारखी. सर्वनामांचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

एक गाडी घेऊ. फ्रेंचमध्ये गाडी स्त्रीलिंगी, ला व्वातूर. ‘झ रेपार ला व्वातूर’ म्हणजे मी स्वतः, हाताला ग्रीस लावून गाडी दुरुस्त करतो. ‘झ फे रेपारे ला व्वातूर’ म्हणजे मी ती गॅरेजमध्ये टाकून दुरुस्त करून घेतो. आता गाडीच्या जागी ‘तिला’ म्हणायचं आहे. फ्रेंचमध्ये हे सर्वनामही ‘ला’च, पण ते क्रियापदाच्या आधी येतं. प्रश्न असा, की दोनांपैकी कोणत्या क्रियापदाच्या आधी?

विद्यार्थी तोवर दुसरे दोन साचे शिकलेला असतो. ‘झ व्हे ला रेपारे’, मी ती दुरुस्त करणार आहे. ‘झ द्वा ला रेपारे’, मला ती दुरुस्त करायलाच हवी. दोन्हींत ‘ला’ मधे, रेपारेला चिकटून बसलाय. मग तो त्याच चालीवर ‘झ फे ला रेपारे’ म्हणतो, आणि समोरच्या फ्रेंच माणसाचा चेहरा जरासा बदलतो. बरोबर वाक्य आहे ‘झ ला फे रेपारे’. सर्वनाम उडी मारून फेरच्या आधी जातं. दुरुस्त व्हायची आहे ती गाडी, म्हणजे अर्थाने ‘ला’ रेपारेचंच, तरी जागा मात्र फेरच्या दाराशी.

कारण वर आलंच आहे. ‘जाणार’ किंवा ‘हवं’ यांच्यापुढचं क्रियापद आपला संसार वेगळा ठेवतं, त्याचं कर्म त्याच्याजवळ राहतं. फेरच्या मागचं क्रियापद तसं राहत नाही, ते फेरमध्ये विरघळतं. ‘करवतो’ या शब्दाच्या पोटात ‘करणे’ असलं तरी आपण ‘कर-तिला-वतो’ म्हणत नाही, तसंच हे. नामालाही मधे शिरता येत नाही. मी पोलला कामाला लावतो, याचं फ्रेंच ‘झ फे त्राव्हाये पोल’, पोल शेवटी. ‘झ फे पोल त्राव्हाये’ ऐकू आलं, तर बोलणारा इंग्रजीतून विचार करतोय हे ओळखावं. दोघांच्या मधे सहज उभं राहू शकतं ते नकाराचं ‘पा’ : ‘न ला फे पा रेपारे’, ती दुरुस्त करून घेऊ नकोस.

होकारार्थी आज्ञार्थात सर्वनाम क्रियापदाच्या मागे जातं, आणि तिथे हे नातं कागदावर डोळ्यांनी दिसतं. ‘फे-ला रेपारे’, ती दुरुस्त करून घे. जोडरेघ फे आणि ला यांच्यात असते, ला आणि रेपारे यांच्यात नसते. पाककृतीतले कांदेही याच वाटेने जातात, ‘फेत-ले रव्हनीर’, त्यांना परता. (फ्रेंच लिपीत शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरं उच्चारात गळतात. इथे मी सगळं कानाला ऐकू येतं तसं लिहितो आहे.)

आता खरा पेच. आत्तापर्यंत गाडी होती, पण ती दुरुस्त करणारा माणूस वाक्यात नव्हता. त्याला आणलं की त्याची विभक्ती कोणती?

नियम मोजणीचा आहे. करवलेल्या क्रियेला स्वतःचं कर्म नसेल, तर करणारा माणूस सरळ कर्म होतो. पोल काम करतो, ‘काम करणे’ला इथे कर्म नाही, म्हणून ‘झ ल फे त्राव्हाये’, ‘ल’ म्हणजे त्याला, सरळ कर्म. पण क्रियेला कर्म असेल, तर ती जागा आधीच भरलेली असते. एका वाक्यात दोन सरळ कर्मं फ्रेंचला चालत नाहीत. मग माणूस सरकतो आणि ‘आ’ हे शब्दयोगी लावून मागच्या बाकावर बसतो : ‘झ फे रेपारे ला व्वातूर आ पोल’. त्याचं सर्वनाम मग ‘ल’ नाही, तर ‘ल्वी’, म्हणजे आपल्या चतुर्थीसारखं काहीतरी. ‘झ ल्वी फे रेपारे ला व्वातूर’, मी त्याला गाडी दुरुस्त करायला लावतो. आणि दोघांचीही सर्वनामं केली, तर दोन्ही फेरच्या आधी रांगेत उभी राहतात : ‘झ ला ल्वी फे रेपारे’. गाडी आधी, पोल नंतर. ही रांग ठरलेली आहे.

चूक पकडायची साधी खूण सांगतो. मी मुलांना विचारायला लावतो, ‘माणूस काय करतो?’ ‘जेवतो’ एवढंच उत्तर आलं तर ल. ‘सूप पितो’ असं उत्तर आलं, म्हणजे ‘काय’ला वस्तू मिळाली, तर ल्वी. मी बाळाला जेवू घालते, ‘झ ल फे मांझे’. मी त्याला सूप भरवते, ‘झ ल्वी फे मांझे ला सूप’. बाळ तेच, चमचा तोच, सर्वनाम बदललं. मात्र क्रियेपुढे दुसऱ्या शब्दयोगीने जोडलेलं काही असेल, तर ते सरळ कर्म मोजायचं नाही. मी त्याचं मत बदलवलं, हे फ्रेंचमध्ये ‘झ ले फे शांझे दाव्ही’. त्यात मताच्या आधी ‘द’ आहे, म्हणून माणूस सरळ कर्मच राहतो.

‘आ’ऐवजी ‘पार’ही चालतं, आणि इथे मराठी कान फार उपयोगी पडतो. ‘आ पोल’ म्हणजे पोलला, ‘पार पोल’ म्हणजे पोलकडून. मी पोलला गाडी दुरुस्त करायला लावली, यात रोख पोलवर आहे, त्याची इच्छा असो वा नसो. मी पोलकडून गाडी दुरुस्त करून घेतली, यात रोख गाडीवर आहे, पोल फक्त कारागीर. फ्रेंच भाषक हा फरक बऱ्याच अंशी असाच करतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड केन यांनी 1975 च्या ‘फ्रेंच सिन्टॅक्स’ या पुस्तकात या दोन रचना वेगळ्या मानून तपासल्या, तेव्हापासून हा विषय भाषाशास्त्रात चघळला जातो आहे. मला मौज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या क्रियेचा परिणाम करणाऱ्याच्या आतच होतो, तिथे मराठीत ‘कडून’ जमत नाही. बाळाला सूप भरवलं म्हणतो, बाळाकडून सूप भरवलं म्हणत नाही. फ्रेंचमध्येही तिथे ‘पार’ कानाला खटकतं. पाजणे म्हणजे फेर ब्वार, दाखवणे म्हणजे फेर व्वार, कळवणे म्हणजे फेर साव्वार. या सगळ्यांत आपल्याकडे ‘ला’ आणि त्यांच्याकडे ‘आ’. मी त्याला ते कळवलं, ‘झ ल ल्वी ए फे साव्वार’.

‘आ’ची एक खोड मात्र आहे. ‘झे फे एक्रीर यून लेत्र आ पोल’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : मी पोलला पत्र लिहायला लावलं, किंवा मी कुणाकडून तरी पोलला पत्र लिहवून घेतलं. नुसत्या ‘ल्वी’नेही हा गुंता सुटत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘पार पोल’ म्हणायचं, म्हणजे लेखक पोल ठरतो.

भूतकाळात आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात फ्रेंच लोकही पडतात. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं, की कृदंत त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. मी केलेली चूक स्त्रीलिंगी असेल, तर ‘फे’चं ‘फेत’ होतं आणि ते ऐकूही येतं. पण मी दुरुस्त करून घेतलेली गाडी ‘ला व्वातूर क झे फे रेपारे’च, ‘फेत रेपारे’ कधीच नाही. गाडी फेरचं कर्म नाहीच, ती जोडीचं कर्म आहे, म्हणून ‘फे’ कुणाशीच जुळत नाही. ‘लेसे’ म्हणजे ‘करू देणे’, त्याचं नातं इतकं घट्ट नाही. तिथे नाम मधेही बसतं आणि कृदंत पूर्वी जुळवलं जायचं. 1990 च्या फ्रेंच शुद्धलेखन सुधारणेत मात्र लेसेनेही फेरसारखं न बदलता राहावं, अशी शिफारस झाली.

तिने ऑपरेशन करून घेतलं, हे ‘एल से फे ओपेरे’. बोलताना पुष्कळ जण ‘फेत’ म्हणतात, आणि वर्गात लाल शाई तिथेच लागते. यातला ‘स’ हा ‘स्वतः’ सुचवणारा. आपले केस कापून घेणं हे फ्रेंचमध्ये ‘झ म फे कुपे ले शव्हो’ : सर्वनाम पुन्हा फेरच्या आधी, केस शेवटी. न्हाव्याचा उल्लेख नाही आणि त्याची गरजही नाही. ‘झ कूप मे शव्हो’ म्हटलं, तर आरशासमोर बसून स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघेल.

ही रचना ‘करून घेणे’शी इतकी जुळते, की विद्यार्थी निर्धास्त होतो. मग मेट्रोत कुणाचं तरी पाकीट जातं आणि तो माणूस म्हणतो, ‘झ म स्वी फे व्होले मों पोर्तफय’. शब्दशः मराठी केलं तर ‘मी माझं पाकीट चोरून घेतलं’. मराठीत असं म्हणणाऱ्याला पोलिस आधी बसवून ठेवतील. फ्रेंचमध्ये मात्र या फेरमध्ये इच्छा उरलेलीच नसते, ते फक्त ‘माझ्या बाबतीत असं घडलं’ एवढंच सांगतं. केस कापून घेणारा आणि पाकीट गमावणारा, दोघांचं वाक्य एकाच साच्यातलं. कोणी मागून घेतलं आणि कोणाच्या नशिबी आलं, हे फेर सांगत नाही, पुढचं क्रियापद सांगतं.