एक रुपयाची बिर्याणी आणि फुकट कांडप

जून २०२३ मध्ये तेलंगणातल्या करीमनगरमध्ये एका नव्या हॉटेलने उद्घाटनाच्या दिवशी अफलातून ऑफर जाहीर केली. एक रुपयाची नोट आणा आणि बिर्याणी घेऊन जा! घराघरांतून जुन्या नोटा बाहेर निघाल्या, रस्त्यावर तोबा गर्दी झाली, वाहतूक तुंबली आणि शेवटी पोलिसांना मध्ये पडून हॉटेल बंद करायला लावावं लागलं.

गर्दी जमवायची एवढंच काम असतं, तर ही ऑफर शंभर टक्के यशस्वी म्हणायची. पण आलेली माणसं बिर्याणीच्या चवीसाठी आली नव्हती; नोट खपवायला आली होती. तीच नोट घेऊन दुसऱ्या कुणी मिसळ दिली असती, तर ती तिकडेही गेली असती. उद्घाटनाच्या बहुतेक रील्सची गोम इथेच आहे. फीत, नारळ, पाहुण्यांचे सत्कार, ढोल-ताशा आणि शेवटी ‘पन्नास टक्के सूट’. दुकान कसलं आहे, हे कळेपर्यंत बघणारा पुढच्या रीलवर गेलेला असतो.

याच्या उलट एक उदाहरण मांडून बघू. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावात मार्च महिन्यात मसाला कांडप केंद्र सुरू होतंय. उन्हाळी मसाल्यांचा हंगाम तोंडावर आहे. मालक ‘मसाल्यावर सूट’ देत नाही. तो म्हणतो, ‘तुमची मिरची तुम्ही आणा, पहिल्या अर्ध्या किलोचं कांडप फुकट. तुमच्या डोळ्यांदेखत.’ आता ही ऑफर दुसऱ्या कुठल्याच दुकानाला लागू पडत नाही. मसाला करणारी बाईच ती घेणार, आणि मसाल्यात भेसळ नको म्हणून समोर उभं राहून कुटून घ्यायची तिची इच्छा जुनीच असते.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा पुरे. सुरुवात फितीने नको, डंकाच्या मुसळांनी करावी. वरून गाणं न टाकता मुसळांचा खरा आवाज तसाच ठेवावा. लगेच मिरची लाल भुकटी होताना जवळून दाखवावी आणि त्यावर ऑफरचं एक वाक्य. मग मालकाने हातात मिरची घेऊन ती मोडून दाखवावी. कडकन मोडली तर चालेल, वाकली तर परत उन्हात. दमट मिरची नीट कुटली जात नाही, तिच्या गुठळ्या होतात. ही एक अट सांगितली की ऑफरचा नियमही कळतो आणि माणसाला धंद्यातलं कळतं, याचीही खात्री पटते. शेवटी ‘एसटी स्टँडसमोरची गल्ली’ अशी खूण, वेळ आणि टोकनांची संख्या.

ही संख्या अंदाजाने ठोकायची नाही. समजा, डंकावर तासाला सहा किलो निघतं आणि दुकान आठ तास चालणार आहे. म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस किलो, अर्ध्या किलोच्या हिशेबाने शहाण्णव माणसं. वीज जाणं, मधली साफसफाई धरून टोकनं ऐंशीच ठेवावीत आणि ‘पहिली ऐंशी टोकनं’ हे व्हिडिओतच मोठ्या अक्षरांत लिहावं. उरलेल्यांना वाजवी दरात दुसऱ्या दिवसाची वेळ द्यावी.

हा नुसता शिष्टाचार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींचा वेगळा उल्लेख आहे. जाहीर केलेल्या किमतीत माल देण्याची वाजवी शक्यता नसेल, तर तशी जाहिरात करता येत नाही. साठा मर्यादित असेल तर ते स्पष्ट सांगावं लागतं. गावातल्या एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन व्हिडिओ करून घेतला असेल, तर तेही बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘उद्या’ या शब्दाने. रील आज टाकली तरी कुणाच्या मोबाइलवर ती चार दिवसांनी येते. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला व्हिडिओ तर महिनाभर फिरत राहतो. रीलखालचा मजकूर नंतर बदलता येतो, पण व्हिडिओतलं बोलणं बदलता येत नाही. म्हणून वार आणि तारीख पडद्यावरच हवी. नाहीतर ऑफर संपल्यावरही पिशवी घेऊन माणसं येत राहतात आणि भांडून जातात. व्हिडिओखाली ‘कुठे आहे?’, ‘किती वाजता?’ असेच प्रश्न यायला लागले, तर व्हिडिओत सांगायचं राहिलं, असं समजावं.

किती जणांनी पाहिलं, या आकड्यावर फार जाऊ नये. मालकाने टोकन देताना वहीत नाव लिहावं आणि ‘कुठून कळलं?’ एवढं विचारावं. फुकट अर्धा किलो कुटून नेलेल्यांपैकी किती जणी मे संपायच्या आत पैसे देऊन उरलेली मिरची घेऊन आल्या, हे त्याच वहीत दिसेल. व्हिडिओचा हिशेब तिथेच मांडावा.