गाठ एक सेंटिमीटर वर

जानेवारीतल्या एका सकाळी सातवीची मुलं स्वतः केलेले पतंग घेऊन मैदानावर आली. सगळ्या पतंगांचं माप एक, कागद एक, काड्याही एकाच बांबूच्या. तरी काही पतंग सरसर वर गेले, काही गोते खात राहिले आणि एक तर जमीन सोडायलाच तयार नव्हता. मला मुलांना शिकवायचं होतं ते नेमकं या फरकात होतं.

पतंगाची उभी काडी ६० सेंटिमीटर आणि आडवी ५० सेंटिमीटर. वरच्या टोकापासून १५ सेंटिमीटर खाली दोन्ही काड्या एकमेकींवर बांधायच्या, टोकांवरून दोरा फिरवायचा आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद घट्ट चिकटवायचा. असा पतंग साधारण ३० ग्रॅमचा होतो. मुलांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तो तोलून पाहिला.

मग आडव्या काडीची दोन टोकं मागच्या बाजूने दोऱ्याने ओढून तिची कमान केली. मधोमध पाचेक सेंटिमीटर बाक आला. सपाट पतंगाला तोल राखायला शेपूट लागते. कमानीच्या पतंगाला बहुधा लागत नाही, कारण तो एका बाजूला कलला की कललेली बाजू वाऱ्याला जास्त सामोरी जाते. वारा तिला वर ढकलतो आणि पतंग आपोआप सरळ होतो. अमेरिकेत विल्यम एडी यांनी १८९०च्या दशकात असे बिनशेपटीचे पतंग करून हवामानाची उपकरणं आकाशात पाठवली होती.

एक पतंग सारखा डावीकडेच जात होता. आम्ही त्याच्या उभ्या काडीची दोन्ही टोकं बोटांवर टेकवली, तर डावी बाजू खाली गेली. तिकडे खळ जास्त लागली होती. उजव्या टोकाला कागदाचा छोटा तुकडा चिकटवला आणि पतंग सरळ उडू लागला.

राहिली कणी, म्हणजे पतंगाला पुढून बांधलेला तो दुपदरी दोरा. त्याचं एक टोक काड्यांच्या चौकात बांधायचं आणि दुसरं उभ्या काडीवर, खालून १५ सेंटिमीटरवर. हा दोरा सैल ठेवून बाजूला ओढायचा आणि आडव्या काडीच्या टोकापर्यंत न्यायचा. तिथे तो जिथून वळतो, तिथे गाठ मारायची. उडवायचा दोरा याच गाठीला जोडायचा.

पतंग वाऱ्यात किती तिरका उभा राहील हे ही गाठ ठरवते. तिरका पतंग वाऱ्याला खाली वळवतो, आणि वाऱ्याला खाली ढकलताना स्वतः वर ढकलला जातो. गाठ फार खाली असेल तर पतंग भिंतीसारखा वाऱ्याला आडवा उभा राहतो. हाताला ओढ भरपूर लागते, पण पतंग उंची घेत नाही. गाठ फार वर असेल तर पतंग जवळजवळ आडवा होतो, कागद फडफडतो, ओढ नाहीशी होते आणि तो झाडाच्या पानासारखा खाली येतो. गाठ एका वेळी एकच सेंटिमीटर सरकवायची आणि पुन्हा उडवून पाहायचं. एका मुलीने दोनदा गाठ वर घेतली. तिसऱ्या खेपेला तिचा पतंग चढला तेव्हा ती ओरडली, "बाई, दोरा आता सारखा ओढत नाहीये, पण पतंग वर जातोय!"

जमीन न सोडणाऱ्या पतंगात मात्र काहीच चूक नव्हती. त्याचा मालक शाळेच्या इमारतीच्या आडोशाला उभा होता. तिथे काठीला बांधलेली कागदी फीत कधी इकडे वळे, कधी तिकडे, कधी लोंबकळून पडे. मैदानाच्या मध्यावर तीच फीत एका दिशेला ताठ झाली.

यामागचा हिशेब फळ्यावर मांडला. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर आमच्या पतंगाला मिळणारी उचल ढोबळमानाने १०० ग्रॅम वजन पेलण्याइतकी असते. वारा निम्मा झाला तर उचल निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणजे २५ ग्रॅम. पतंग ३० ग्रॅमचा. मग तो उडणार कसा? अशा वेळी मुलं पळत सुटतात, कारण पळताना समोरून येणारा वारा वाढतो. थांबलं की तो जातो, पतंगही उतरतो. त्यापेक्षा दोस्ताने पतंग धरून वाऱ्याच्या दिशेने पंधरा-वीस मीटर दूर उभं राहावं आणि झुळूक आली की सोडावा. जमिनीजवळ वारा मंद असतो, वर तो जोर धरतो. पतंगाला तिथवर पोहोचवायचं, एवढंच काम असतं.

दोरा आम्ही साधा सुती वापरला, आणि मैदान निवडताना जवळपास विजेच्या तारा नाहीत हे आधी पाहिलं.

घरी निघताना आडोशाला उभा राहिलेला तो मुलगा पतंगाआधी कागदी फीत पिशवीत ठेवत होता.