सासूपासून सुनेपर्यंत चार पायऱ्या

‘काळा’ या शब्दापासून निघून ‘गोरा’पर्यंत पोहोचायचं. दर वेळी शब्दातलं एकच चिन्ह बदलायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर जे उरेल तो अर्थ असलेला मराठी शब्दच हवा. काळा, गाळा, गोळा, गोरा. आधी ‘क’चा ‘ग’ झाला, मग काना जाऊन ओकार आला, शेवटी ‘ळ’चा ‘र’ झाला. तीन पायऱ्यांत काम झालं.

या कोड्याला शब्दांची शिडी म्हणतात. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारे लुइस कॅरल हे मुळात ऑक्सफर्डमधले गणिताचे अध्यापक. 1877च्या नाताळात दोन मुलींना वेळ घालवायला काहीतरी हवं होतं, तेव्हा त्यांनी हा खेळ रचला. 1879च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात तो ‘डब्लेट्स’ या नावानं छापून येऊ लागला. डोक्याची शेपटी करा, डुकराला खुराड्यात घाला, अशी एकमेकांशी नातं असलेल्या दोन शब्दांची जोडी द्यायची आणि मधले दुवे वाचकांनी शोधायचे. जितके दुवे कमी, तितकं उत्तर चांगलं.

इंग्रजीत अक्षर म्हणजे काय हा प्रश्न पडत नाही. मराठीत तो आधी सोडवावा लागतो, कारण ‘गो’ या एका अक्षरात व्यंजन आणि स्वर असे दोन भाग आहेत. अख्खं अक्षर एकदम बदलायची मुभा दिली, तर दोन अक्षरी शब्दांचं कोडं फारच सोपं होतं. म्हणून इथे नियम असा: एका पायरीत एकतर व्यंजन बदलायचं किंवा स्वरचिन्ह. काना, वेलांटी, उकार काढून टाकणं हाही एक बदलच.

आता जरा अवघड जोडी घेऊ: सासू आणि सून.

आधी फरक मोजायचे. पहिल्या अक्षरात ‘सा’चा ‘सू’ व्हायला हवा, हा एक. दुसऱ्या अक्षरात ‘स’च्या जागी ‘न’ हवा, हा दुसरा, आणि त्याचा दीर्घ उकार जायला हवा, हा तिसरा. एका पायरीत एकच फरक मिटतो. म्हणजे तीनपेक्षा लहान शिडी असूच शकत नाही. तीन पायऱ्यांची हवी असेल, तर मात्र प्रत्येक पायरी सरळ ‘सून’च्या दिशेनंच पडली पाहिजे. इकडेतिकडे वळायला जागा नाही.

मग सासूपासून सरळ जाणाऱ्या वाटा किती? तीनच. पहिला स्वर बदलला तर ‘सूसू’, व्यंजन बदललं तर ‘सानू’, शेवटचा उकार काढला तर ‘सास’. रोजच्या मराठीत यातला एकही शब्द चालत नाही. तिन्ही दारं बंद, म्हणजे तीन पायऱ्यांची शिडी नाही. हे दोन मिनिटांत ठरलं, आणि ते अंदाजानं ठरलेलं नाही. निदान एक वळसा घ्यावाच लागणार, म्हणून उत्तर चार किंवा त्याहून जास्त.

बहुतेक जण इथून पुढे एकच वाट धरून चालू लागतात. सासू, साडू, लाडू, लाडी असं मनात येईल तसं पुढे जात राहतात. शब्द मिळत जातात, पण ‘सून’ जवळ येतेय की लांब जातेय ते कळत नाही. कधी पोहोचलेच, तर शिडी आठ-दहा पायऱ्यांची झालेली असते, आणि याहून लहान शिडी होती का हेही सांगता येत नाही.

त्याऐवजी कागदाच्या डाव्या कडेला ‘सासू’ लिहा, उजव्या कडेला ‘सून’. डावीकडे सासूपासून एका बदलात मिळणारे सगळे शब्द मांडा: साडू, साळू, साधू, हासू. (साळू म्हणजे साळिंदर.) मग उजवीकडे या आणि सुनेचे शेजारी मांडा: सूर, सूत, सूप, सूज, सूड, सूळ, खून, धून, सान, सन. दोन्ही याद्यांत एकही शब्द सामाईक नाही. हरकत नाही, दोन्ही बाजूंनी आणखी एक थर वाढवायचा. डावीकडे साडूवरून साडी, लाडू, झाडू मिळतात, साधूवरून साधा, साधी, आणि साळूवरून साळी, साळ. उजवीकडे सुरावरून सार, सुतावरून सात, सुपावरून साप, सुजेवरून साज, सुळावरून साळ.

‘साळ’ दोन्हीकडे आला. साळीचे तांदूळ म्हणतो त्यातलं भात, ते साळ. गाठ पडली: सासू, साळू, साळ, सूळ, सून. चार पायऱ्या. तीनची शक्यता आधीच खोडली आहे, म्हणून चार हेच सर्वांत लहान उत्तर. वळसा कुठे पडला तेही दिसतं: ‘स’चा ‘न’ करायचा होता, तो आधी ‘ळ’ करून घ्यावा लागला. तो ‘ळ’ सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही.

दोन्ही टोकांकडून यायचा फायदा आकड्यांत दिसतो. समजा, प्रत्येक शब्दाला दहा नवे शेजारी आहेत. एकाच बाजूनं चार थर जायचं म्हटलं, तर 10, 100, 1,000 आणि 10,000, म्हणजे अकरा हजारांवर शब्द तपासावे लागतील. दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर गेलो, तर प्रत्येकी 110, मिळून 220. प्रत्यक्षात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे आकडे लहान असतात, पण फरक याच जातीचा असतो. पसारा शेवटच्या थरात होतो, आणि तो थर गाठायची वेळच येत नाही. दोन पथ्यं मात्र पाळायची. थर पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या थरात जायचं नाही, नाहीतर सापडलेली शिडी सर्वांत लहान असल्याची खात्री राहत नाही. आणि दर वेळी ज्या बाजूची यादी लहान, ती बाजू आधी वाढवायची.

कधी कधी शिडी नसतेच. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी इंग्रजीतल्या पाच अक्षरी 5,757 शब्दांची यादी घेऊन संगणकाकडून ही जोडणी तपासली. त्यांतल्या 671 शब्दांना एकही शेजारी नव्हता. अशा शब्दाकडे कुठूनही जाता येत नाही. एकाच बाजूनं शोधणारा माणूस अशा वेळी हजारो शब्द पालथे घालतो. दोन्ही टोकांकडून शोधणाऱ्याची एक यादी लगेच संपते, आणि एका बाजूची यादी संपली की शिडी नाही हे सिद्धच होतं.

उत्तर कोणत्या शब्दसंग्रहातून काढलं, यावरही बरंच अवलंबून असतं. ‘सानु’ म्हणजे पर्वताचा माथा, हा संस्कृत शब्द आहे. मराठीत तो ‘सानू’ असा लिहून चालवून घेतला, तर आपण बंद केलेलं एक दार उघडतं: सासू, सानू, सान, सून. शिडी तीन पायऱ्यांची होते, आणि चारचा दावा खोटा ठरतो. उलट साळू आणि साळ हे शब्द एखाद्याला अनोळखी म्हणून अमान्य असतील, तर आपली चारची शिडीही कोसळते आणि शोध पुढच्या थरात न्यावा लागतो. म्हणून घरात हा खेळ मांडताना कोणता शब्दकोश प्रमाण मानायचा, विशेषनामं आणि क्रियापदांची रूपं चालतील का, हे आधीच ठरवावं. त्याशिवाय ‘सर्वांत लहान’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

सरावाला एक जोडी: राजा आणि दासी. फरक तीन आहेत, वळसा लागत नाही. दोन्ही टोकांकडून एकेक पाऊल टाकलंत, तर मधली पायरी समोरच दिसेल.