मोतीबिंदू ‘दोन वर्षांनी’ की तीन? पॉलिसी घेण्याआधी वगळणीचा परिच्छेद असा वाचा

कोपरखैरण्यातले आमचे एक शेजारी आरोग्य विम्याचे कागद घेऊन आले. पॉलिसी अजून घेतलेली नव्हती. म्हणाले, "सर, अम्मीला मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलंय. एजंट सांगतो, दोन वर्षांनी ऑपरेशन कव्हर होईल. बरोबर आहे ना?"

आम्ही पीडीएफ उघडून Excl हा शब्द शोधला. विमा नियामक ‘इर्डाई’ने आरोग्य विम्यातल्या बऱ्याच वगळण्यांचा मजकूर आणि क्रमांक एकसारखे केले आहेत, त्यामुळे हे सोपं जातं. Excl01 म्हणजे आधीपासून असलेले आजार. Excl02 म्हणजे ठरावीक आजारांची यादी. मोतीबिंदू त्या यादीत होता आणि मुदत 24 महिने लिहिली होती. एजंट तेवढंच वाचून दाखवत होता.

पण त्याच परिच्छेदात खाली एक वाक्य असतं: यादीतला आजार आधीपासूनचा असेल, तर दोन्हींपैकी जी मुदत मोठी ती लागू. या पॉलिसीत Excl01 ची मुदत 36 महिने होती. 2024 पासून नियमाने याहून जास्त ठेवता येत नाही. म्हणजे अम्मींसाठी दोन नव्हे, तीन वर्षं.

शाळेत मी मुलांना लांब वाक्य तोडायला लावतो, तसंच इथे केलं. ‘सलग संरक्षणाचे महिने’ काढून सरळ तारीख टाकली, ‘यादीतील आजार’ऐवजी घरातल्या माणसाचा आजार लिहिला, आणि मोठ्या मुदतीची अट तळातून वर आणली. वहीत मजकूर असा झाला:

"पॉलिसी 1 ऑगस्ट 2026 ला सुरू झाली, तर अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे 31 जुलै 2029 पर्यंत मिळणार नाहीत, कारण तो पॉलिसीआधीच सापडला आहे. अब्बांना आज मोतीबिंदू नाही. पुढे झाला, तरी 31 जुलै 2028 पर्यंत मिळणार नाहीत. अपघातामुळे ऑपरेशन लागलं, तर यादीची ही मुदत लागत नाही. नूतनीकरण चुकून खंड पडला, तर या तारखा धरू नयेत."

शेजारी थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "मग ऑपरेशनचे पैसे वेगळेच ठेवावे लागतील."

आता, आपल्या वहीतला मजकूर म्हणजे करार नव्हे. दावा आला की कंपनी मूळ शब्दच पाहणार. म्हणून तो परिच्छेद कंपनीला ईमेलने पाठवून "हे बरोबर आहे का?" असं विचारायचं आणि उत्तर लेखीच घ्यायचं. एजंटचं तोंडी ‘हो’ इथे चालत नाही. पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहिती पत्रक मराठीत मागता येतं, तेही मागा. आणि मुदत संपल्यावरही पूर्ण बिल मिळेलच असं नाही. ‘आरोग्य संजीवनी’त एका डोळ्याच्या मोतीबिंदूला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांपैकी कमी तेवढेच मिळतात. ही मर्यादा वगळणीच्या परिच्छेदात सापडत नाही, लाभांच्या भागात असते.

अम्मींचा मोतीबिंदू शेजाऱ्यांनी प्रस्ताव अर्जात लिहिला. एजंट म्हणत होता, "कशाला लिहिता?"